आधी जेवून घे

गोड बोलणारं माणूस दिसलं की माझं डोकं फिरतंय. आमच्याकडं गोड बोलतंय कोण? सोयरीक जमवणारा, मतं मागणारा, आन मेल्याची खबर देणारा. पहिल्या दोघांना मी वट्ट्यावरूनच वाटं लावते. तिसऱ्याचं काही करता येत न्हाई.

आमच्या राणीसावरगावात अमका मेला म्हणून फोनवर कुणी सांगत न्हाई. "तब्येत जरा नरम हाय," म्हणतेत. "जेवलाव का? न्हाई? मग आधी जेवून घ्या, आन सावकाश या." कारण खबर एकदा कानावर पडली की चूल बंद. माती होऊन अंघोळी होईस्तोवर तोंडात घास घालता येत न्हाई. म्हणून आधी खाऊ घालायचं, मग रडवायचं. माझे थोरले दीर गेले तवा माझ्या लेकीला, राजेश्रीला, तिच्या सासरी ताडकळसला असाच फोन गेला होता. पोरीनं अर्धी भाकर खाल्ली, गाडीवर बसली, आन वेशीत आल्यावर बायांचं रडणं आईकून तिला कळलं. तवापासून फोनवर कुणी "जेवून घे" म्हणलं की तिचे हातपाय गार पडतेत.

हे सगळं मला ठावं होतं. तरीबी मी तेच केलं. आता आईका.

मी धुरपताबाई. माझं तोंड कसं हाय ते गावाला इचारा. कोंबडी वाकडी चालली तरी तिला शिव्या देते म्हणतेत, आन खरं हाय ते. आमचे मालक, मुंजाजी, तेबी काही देवळातले न्हाईत. तीस वर्षं आमी दोघं भांडलाव. कालवणात मीठ, बैलाचं पाणी, टीव्हीचा आवाज, काहीबी चालायचं. शेजारी थोरली जाऊ दैवशाला राहती. एकदा आमी दोन दिवस भांडलाव न्हाई, तर ती बघायला आली होती घरात सगळे जिते हायेत का म्हणून.

अंघोळ करताना गाठ हाताला लागली. डाव्या अंगाला, छातीत. कवळ्या लिंबाएवढी, दगडावानी टणक. दुखत न्हवती. दुखत न्हाई म्हणजे साधी आसंल, असं मपलं मीच ठरवलं. कापूस येचायचा होता, त्याच्यामागं पाडवा आला, मग राजेश्रीच्या पोरीचं, भक्तीचं, जावळ आलं. दुखली आसती तर मी पहिल्या आठवड्यातच दवाखान्यात बोंबलत गेले आसते. ती मेली गप बसून वाढायली. पुढं गाठीवरची कातडी आत वढल्यावानी दिसायला लागली, तवा मालकाला म्हणलं, चला परभणीला.

परभणीत फोटो काढला, सोनोग्राफी केली. जाड सुई घालून गाठीचा तुकडा काढला. तपासायला गेलेला तुकडा काय म्हणतोय ते कळायला आठवडा लागला. मग त्यांनीच नांदेडला धाडलं. नांदेडच्या डॉक्टर बाई साध्या होत्या, चष्म्याच्या. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ वढली आन सरळ सांगितलं, "मावशी, हा स्तनाचा कॅन्सर आहे. काखेतल्या गाठीतही गेलाय. पण फुफ्फुस, लिव्हर, हाडं, सगळीकडं बघितलं, तिथं कुठं दिसला नाही. आपण बरं करायच्या हिशोबानंच उपचार करणार आहोत."

मी म्हणलं, "माझ्यावर कामून आला? मी काय कुणाचं खाल्लं?"

त्या म्हणल्या, तुमी काही केलं म्हणून न्हाई आला.

मग मला लय राग आला. कुणाचा ते कळंना. भितीवर एका हसणाऱ्या बाईचं पोस्टर होतं, मी त्या बाईकडं बघून दात खाल्ले. डॉक्टर सांगायल्या होत्या: आधी सलाईनमधून औषध, तीन-तीन आठवड्यांनी. गाठ आकसली की ऑपरेशन. मग शेक, म्हंजे मशीनखाली झोपवून किरणं देतेत ते. तुकड्याच्या दुसऱ्या तपासणीवरून गोळ्या लागू पडतेत का ते ठरंल, पडल्या तर कैक वर्षं घ्यायच्या. केस जातील, परत येतील. उलट्या होतील, त्याचं औषध हाय. ताप आला तर घरात बसायचं न्हाई, त्या दिवशीच दवाखान्यात यायचं. मी सगळं आईकलं. मालकानं काहीच आईकलं न्हाई. ते टोपी हातात घेऊन तिच्यातच बघायले होते.

बाहीर रेणुका नावाची पोरगी बसती. पेशंटला आन घरच्याला समजावून सांगायचं, हे तिचं काम. तिनं इचारलं, घरी कोण कोण हाय? मी म्हणलं, एक लेक हाय, तिला सांगायचं न्हाई. ती भ्याडावानी हाय, जीव देईल.

"तिला सांगावंच लागंल, मावशी," रेणुका म्हणली. "तुमाला झालंय म्हणजे तिनंबी पुढं तपासणी करत ऱ्हायला पाहिजे. डॉक्टर तिला सांगतील कधीपासून. आन लपवलं तर तिला दुसऱ्याकडून कळंल. ते जास्त वाईट."

"मग कसं सांगू? माझ्या तोंडातून बरं काही निघतच न्हाई."

तिनं सांगितलं: समोर बसवून सांगा, फोनवर न्हाई. आधी तिला काय ठावं हाय ते इचारा. कॅन्सर हा शब्द सरळ वापरा, आडून आडून बोललं की माणूस त्याहून वाईट समजतंय. थोडं थोडं सांगा, मधी थांबा, तिला इचारू द्या. जे ठावं न्हाई ते ठावं न्हाई म्हणा. खोटी शपथ घेऊ नका. "आन मावशी," ती हसली, "आवाज जरा मऊ ठेवा."

त्या सगळ्यातलं माझ्या डोक्यात एवढंच ऱ्हायलं. आवाज मऊ ठेवा.

घरी आलाव आन मालकाला काहीतरी झालं. सकाळी माझ्या आधी उठले, चहा ठेवला. पाणी भरलं. मी मुद्दाम कालवणात मिठाचा खडा जास्त टाकला. गप खाल्लं, वरून म्हणले, "चांगलं झालंय." मी म्हणलं, "जीभ जळाली का तुमची?" तर हसले. हसले! मी तांब्या आपटला, बैलाला दगड मारला, त्यांच्या आईचा उद्धार केला, जी मेली तवा मी तिच्यासाठी दोन दिवस रडले होते. काहीच न्हाई. "तू बस, मी करतो," एवढंच. त्या माणसानं मला तीस वर्षांत कधी "बस" म्हणलं न्हाई.

चुलीम्होरं बसून मला पहिल्यांदा भ्याव वाटलं. दवाखान्यात वाटलं न्हवतं, तिथं रागच होता. इथं वाटलं. हे माणूस माझ्याशी गोड बोलायलंय म्हंजे ह्यानं मनातून मला पोचवलंय. ज्या छातीवर राजेश्रीला वाढवलं तीच आता कापणार, ह्याचं लय वाईट वाटलं. मरणाहून जास्त तेच वाटलं. पदर तोंडात धरून रडले आन मग पदराचाबी राग आला.

सोमवारी पहिलं औषध होतं. राजेश्रीला त्याच्या आधी सांगणं भाग होतं. केस गेल्यावर ती आली आसती आन वेशीत कुणीतरी सांगितलं आसतं, परत तसंच, दिरासारखं. म्हणून फोन केला. समोर बोलवायसाठीच केला, बरं का. फोनवर सांगणार न्हवते. रेणुकाचं आईकलं होतं मी.

एरवी माझा फोन कसा असतो? "मेलीस का जिती हायेस? आठ दिवस झाले, बापाची आठवण न्हाई?" असा. त्या दिवशी मी पाणी प्याले, आवाज मऊ केला, आन म्हणलं, "राजू, बाळा, जेवलीस का?"



"काय झालं?" ती म्हणली.

"काही न्हाई गं बाई. तू आधी जेवून घे. मग सावकाश ये. जावयालाबी आण."

"दादा कुठं हायेत?"

दादा म्हंजे तिचा बाप. ते वावरात होते. पर मला वाटलं, ती आडून इचारायली, आपण भिववायचं न्हाई. म्हणलं, "दादा हायेत ना. पडलेत निवांत. तू फिकीर करू नको."

तिकडून फोन पडल्याचा आवाज आला. मी फोनकडं बघून म्हणलं, किती मऊ बोललाव आपण! रेणुकाला सांगायला पाहिजे.

दुपार कलायली होती. मालक वावरातून येऊन गोठ्यात गाईची धार काढायले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आन आतून असं रडणं उठलं की गाय बिचकली, बादली सांडली. पुढं राजेश्री, केस सुटलेले, मागं जावई महारुद्र कडेवर भक्तीला घेऊन, त्याच्यामागं तिची सासू आन सासरच्या चार बाया पदर डोक्याला लावून. महारुद्रनं येताना हारबी आणला होता. त्यो बघून माझं टाळकंच सटकलं.

"दादाऽऽ! माझे दादाऽऽ!" म्हणत राजेश्री घरात घुसली. बाजेवर कुणी दिसंना, तर म्हणती कशी, "नेलं का गं? मला तोंडबी न्हाई दाखवलं?"

शेजारून दैवशाला पळत आली. कोण मेलं, कसं मेलं, तिला काही ठावं न्हाई. पर दारात आल्याबरोबर तिनं सूर धरला, "सोन्यासारखं माणूस गेलं वोऽऽ!" त्या बाईला मयतीचं रडणं नुसतं बटण दाबल्यावानी येतंय.

आन गोठ्याच्या दारात आमचं सोन्यासारखं माणूस रिकामी बादली घेऊन हुबं. "कोण गेलं गं?" त्यांनी दैवशालालाच इचारलं.

दैवशालाचा सूर आर्ध्यातच तुटला. राजेश्री वळली. बापाला बघितलं, आन ती तिथंच मटकन खाली बसली. मग सरपटत जाऊन बापाचे पाय धरले आन त्या पायांवर रडली. मालक घाबरले. बादली खाली ठेवायचं सुचंना त्यांना.

बाया माझ्याकडं बघायल्या. सासू म्हणली, "मग मेलंय कोण?"

मी चुलीपासचं उलथणं उचललं. "कुणी मेलं न्हाई! आन मरंल तवा तुमाला सांगू! हार घेऊन आलेत मेले, बाजारात जायल्यावानी. निघा समदे! दैवशाले, तू आधी. न्हाई न्हाई, थांबा. आलाच हाव तर आईकून जा, न्हाईतर पारावर बसून आपल्या मनानं जोडताल. मला कॅन्सर झालाय. छातीत. कळलं? झालं आता, जा!"

असं सांगितलं मी. समोर बसवून न्हाई, मऊ न्हाई, थोडं थोडं न्हाई. उलथणं हातात धरून.

दैवशालानं मागं सरकून पदर नाकाला लावला. "लागट आसतंय का गं ते?"

"आसतंय ना. लय बोलणाऱ्या बायाला आधी लागतंय." मग मीच म्हणलं, "न्हाई लागत. शिवल्यानं न्हाई, एका ताटात जेवल्यानं न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय. पर तू माझ्या ताटात जेवू नको, मला तू आवडत न्हाईस."

बाया गेल्या. महारुद्र हार पिशवीत कोंबत भक्तीला घेऊन बाहीर गेला. घरात आमी तिघंच ऱ्हायलाव.

राजेश्री भुईवर बसलेली. मला वाटलं आता ही पडती, आता हिची दातखीळ बसती. मी तांब्या घेऊन तयार. पर ती उठली, तिनं डोळे पुसले, आन माझ्यावर अशी वरडली की मला तिच्यात मीच दिसले.

"फोनवर असं बोलतेत का? आँ? जेवून घे म्हणं! ताडकळसपासून हितपर्यंत मी दादाला मारून आले! सारा रस्ता रडत आले! तुला शिव्या देऊन सांगता येत न्हवतं? जलमभर दिल्यास, त्याच दिवशी संपल्या का?"

"मला म्हणले आवाज मऊ ठेव."

"कोण म्हणलं? त्याला तुझं तोंड ठावं हाय का?"

मला हसू आलं. तिला आलं न्हाई. ती माझ्याम्होरं मांडी घालून बसली. "कुठं हाय? दाखव." मी पदर सारून दाखवलं. तिनं हात लावला. लावला तो काढला न्हाई.

"किती दिवस झाले?"

"पाडव्याच्या आधीपासून."

"आन आता सांगायलीस!"

मग ती इचारत गेली आन मी सांगत गेले. काखेत गेलाय, पुढं न्हाई. आधी सलाईन, मग ऑपरेशन, मग शेक. ही छाती पुरी काढतेत का थोडी ठेवतेत ते गाठ किती आकसती त्याच्यावर हाय. तुलाबी तपासून घ्यावं लागंल, आता घाबरू नको, नुसतं तपासायचं. तिनं मान हलवली. मग हळूच म्हणली, "माय, तू मरशील का?"

रेणुका म्हणली होती, खोटी शपथ घ्यायची न्हाई. "मला ठावं न्हाई," मी म्हणलं. "बरं करायच्या हिशोबानं औषध देणार म्हणलेत. बऱ्या झालेल्या बाया मी तिथं बघितल्या. पर पक्कं कुणी सांगत न्हाई."

"भ्याव वाटतंय का तुला?"

"लय वाटतंय." हे बोलले आन माझं अंग हलकं झालं. "रातीची झोपत न्हाई मी. तुला सांगायचं भ्याव वेगळं आन मरायचं वेगळं. त्यातलं एक तर गेलं."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीबी रडले. मग ती म्हणली, भूक लागली. सकाळचं अन्न तसंच टाकून आली होती. मी भाकरी थापल्या, ती खात खात मला शिव्या देत होती. पोरगी मोडली न्हाई. मी तिला उगं भ्याड समजत होते.

पर मालक तसेच. तिच्या सगळ्या वरडण्यात त्यांनी एक शब्द काढला न्हाई. भाकरीचं टोपलं आणून ठेवलं, माझ्याम्होरं पाण्याचा तांब्या ठेवला, गप.

सोमवारी सकाळी निघायचं होतं. गंगाखेडची एसटी, तिथून पुढं नांदेड. राजेश्री माझ्यासंगं ऱ्हायला आली होती, ती पिशवी घेऊन पुढं थांब्यावर गेली. मी चप्पल घालायला उंबऱ्यावर बसले आन मला उठताच येईना. पाय चांगले होते. उठावंसं वाटंना. समोर गोठा, तुळस, दोरीवर माझं लुगडं. हे सोडून गेले तर परत ह्या उंबऱ्यावर मी बसणार का नुसता माझा फोटो टांगणार, असं आलं मनात.

"मी येत न्हाई," म्हणलं.

मालक जवळ बसले. आवाज मऊ. "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे, धुरपता. पुढच्या आठवड्याला जाऊ. तू म्हणशील तसं. तुला त्रास नको."

मी त्यांच्याकडं बघितलं आन म्हणलं, "मला माती दिलीत ना तुमी? दिलीतच. म्हणून गोड बोलायलाव. मेलेल्या माणसासंगं कोण भांडतंय! मी जिती हाय हो अजून. माझ्याशी आसं बोलू नका. त्या रोगाला मी भेत न्हाई एवढी तुमच्या ह्या बोलण्याला भेते."

त्यांचे डोळे भरले. टोपी काढली, झाडली, परत घातली. मग उठले आन अशी आरोळी ठोकली की दैवशाला शेजारून दारात आली.

"धुरपते! ऊठ! एसटी काय तुझ्या बापाची हाय का थांबायला? पाडव्यापासून गाठ घेऊन बसलीस, आन आता म्हणती येत न्हाई! तीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, आता मधीच सोडून जाती व्हय? अशी बरी सुटशील! ऊठ म्हणतो ना!"

शेवटाला आवाज फाटला त्यांचा. पर वरडायचे थांबले न्हाईत.

मी उठले. चप्पल घातली.

"आले की," म्हणलं. "गाव गोळा करू नका. आन दाराला कडी घाला नीट, परवा तशीच टाकली होती तुमी."

"मी न्हाई टाकली, तूच टाकलीस!" ते म्हणले.

थांब्यापर्यंत आमी त्या कडीवरून भांडत गेलाव.